जपानी भाषा-जोडीदाराला पहिला संदेश कसा लिहावा

भाषेच्या देवाणघेवाणीसाठी जोडीदार शोधणे, स्वतःची ओळख भरणे आणि समोरच्याने लिहिलेली ओळख नीट वाचणे ही कामे तुम्ही केलेली आहेत, असे मी येथे गृहीत धरते. एन-५, म्हणजे २०१० पासून जी पाच पातळ्यांची परीक्षा चालते तिच्यातली सर्वांत खालची पातळी, तुम्ही उत्तीर्ण झाला आहात किंवा होण्याच्या बेतात आहात, हेही मी धरून चालते. तेवढी जपानी पहिल्या संदेशाला पुरते. पुरत नाही ती दुसरीच गोष्ट, आणि या लेखातला बराचसा भाग तिच्यासाठीच राखून ठेवला आहे.

जपानी वाक्ये मी देवनागरीत दिली आहेत. लांब स्वर दोनदा लिहिला आहे आणि ‘देस’, ‘मास’ यांच्या शेवटी जो जवळजवळ ऐकू न येणारा उकार असतो, तो सोडून दिला आहे. संदेश पाठवताना मात्र तो जपानी लिपीतच लिहावा. रोमन अक्षरांतली जपानी वाचणे जपानी माणसाला तितकेच कंटाळवाणे वाटते, जितके आपल्याला रोमन अक्षरांतले मराठी पत्र.

माझ्या भाचीने गेल्या हिवाळ्यात लिहिलेला मसुदा पुढे देते. तिचे नाव येथे मानसी समजू आणि जिला संदेश जायचा होता त्या बाईंना तानाका म्हणू. तानाका ओकायामा शहरात राहतात आणि हिंदी शिकतात, एवढे त्यांच्या ओळखीत लिहिलेले होते. मानसीने असे लिहिले:

“कोन्निचिवा तानाका! वाताशि वा मानाशि-सान देस. वाताशि वा निज्युउयोन-साइ देस. वाताशि वा पुने नि सुमिमास. वाताशि वा निहोन्गो ओ सुकी देस. अनाता वा हिन्दी-गो ओ बेन्क्योओ शिताइ देस का. वाताशि वा अनाता नि हिन्दी-गो ओ ओशिएते आगेमास. अनाता वा नान-साइ देस का.”

अर्थ सरळ आहे: नमस्कार तानाका, मी मानसी, वय चोवीस, पुण्यात राहते, मला जपानी आवडते, तुम्हाला हिंदी शिकायचे आहे का, मी तुम्हाला हिंदी शिकवून देईन, तुमचे वय किती. प्रत्येक वाक्य समजते, आणि तरीही हा संदेश पाठवण्याजोगा नव्हता.

नावे

समोरच्याच्या नावाला ‘सान’ लावावे, स्वतःच्या नावाला कधीही लावू नये. ‘मी जोशीसाहेब बोलतोय’ असे म्हणणाऱ्या माणसाबद्दल आपले जे मत होते, तेच तेथेही होते. मानसीने नेमके उलटे केले होते.

टंकलेखन

‘वा’ हा विषय दाखवणारा प्रत्यय उच्चारात ‘वा’ असला तरी लिहिताना तो ‘हा’ या अक्षराने लिहितात, म्हणून कळफलकावर `ha` टंकावे लागते. कर्माचा ‘ओ’ टंकताना `wo` लागते. लांब ‘ओ’ बहुधा ‘ओ’ आणि ‘उ’ मिळून लिहितात, म्हणून बेन्क्योओ हा शब्द `benkyou` असा टंकावा. ‘कोन्निचिवा’ लिहायचे असेल तर `konnnichiha` असे तीन n लागतात, कारण बहुतेक कळफलकांवर दोन n मिळून एकच अनुनासिक अक्षर तयार होते आणि तिसरा नसेल तर ‘कोन-इचिवा’ असे काहीतरी विचित्र उमटते. पहिल्या संदेशात हा शब्द मी वापरतच नाही. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तुम्ही रात्री आठ वाजता लिहिता तेव्हा तिकडे साडेअकरा झालेले असतात, आणि ‘कोन्निचिवा’ हे दिवसाचे अभिवादन आहे. ‘हाजिमेमाश्ते’ हे पहिल्या भेटीचे अभिवादन कोणत्याही वेळी चालते.

कांजी चित्राक्षरांबाबत माझे मत पक्के आहे: जे अक्षर तुम्हाला स्वतःला वाचता येत नाही ते संदेशात येऊ देऊ नका. फोन आपण होऊन अवघड कांजी सुचवतो आणि आपण हौसेने स्वीकारतो. मग समोरच्या माणसाची रास्त समजूत होते की तुम्हाला इतके येते, आणि उत्तरही त्याच तोडीचे येते. ते वाचण्यात तुमची संध्याकाळ जाते. तयार नमुन्यांतून उचललेल्या भारदस्त आदरार्थी वाक्यांचाही परिणाम हाच होतो. नवशिक्याने नवशिक्यासारखेच लिहावे.

मराठीतून विचार करा, पण कोठवर?

आपल्याकडे जपानी शिकणारे बहुतेक जण इंग्रजीतल्या पाठ्यपुस्तकांतून शिकतात आणि वाक्य जुळवतानाही आधी इंग्रजीतच जुळवतात. ‘निहोन्गो ओ सुकी देस’ ही मानसीची चूक तेथूनच आली. इंग्रजीत जी वस्तू आवडते ती कर्म असते, म्हणून तिने कर्माचा ‘ओ’ लावला. तीच मुलगी मराठीत ‘मला आंबा आवडतो’ आणि ‘मला चिंच आवडते’ असे बिनचूक बोलते. क्रियापद आंब्याप्रमाणे आणि चिंचेप्रमाणे बदलते, म्हणजे आवडणारी वस्तूच वाक्याची धनीण असते. जपानीतही तसेच आहे, म्हणून तेथे ‘गा’ लागतो: निहोन्गो गा सुकी देस. ‘मला हिंदी येते’, ‘मला जपानी समजते’, ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘मला शब्दकोश हवा आहे’ या सगळ्या वाक्यांत हाच ‘गा’ येतो. मराठीत ज्या वाक्याची सुरुवात ‘मला’ने होते, तेथे जपानीत ‘गा’ लागण्याचा संभव मोठा असतो, एवढे ध्यानात ठेवले तरी एन-५ची निम्मी कटकट मिटते. हे कोणत्याही वर्गात मला कोणी सांगितले नाही, याचा अजून थोडा राग आहे.

‘पुने नि सुमिमास’ ही चूक मात्र मराठीतून विचार केल्यानेच होते. आपण साध्या वर्तमानकाळात ‘राहते’ म्हणतो, म्हणून ‘सुमिमास’ योग्य वाटते. परंतु ‘सुमु’ या क्रियापदाचा रोख वास्तव्य सुरू करण्याकडे आहे, आणि तुम्ही ते कधीच सुरू केलेले आहे. म्हणून ‘पुण्यात स्थायिक झालेली आहे’ या धर्तीचे रूप लागते: सुन्देइमास. ‘लग्न झालेले आहे’ यासाठीही तसेच, केक्कोन शितेइमास. काम पूर्वी घडले आणि त्याची अवस्था आज चालू आहे, असे असेल तेव्हा हे रूप घ्यावे.

‘वाताशि वा’ पाच वेळा आले आहे. मराठीत ‘पुण्यात राहते’ एवढे म्हटले तरी बोलणारी स्त्री आहे आणि स्वतःविषयीच बोलते आहे असे आपण समजून घेतो. जपानी क्रियापदात तशी काही खूण नसते, पण तरीही जपानी माणूस ‘मी’ गाळतो, कारण स्वतःची ओळख देणारा माणूस आणखी कोणाविषयी बोलणार? संपूर्ण संदेशात हे दोन शब्द एकदाही आले नाहीत तरी चालतील.

खरी अडचण: ‘तुम्ही’ आणि ‘शिकवून देईन’

वरच्या सगळ्या चुका समोरचा माणूस हसून सोडून देतो. त्या भाषेच्या चुका आहेत आणि नवशिक्याकडून त्या अपेक्षितच असतात. यापुढच्या दोन चुका तशा नाहीत, कारण व्याकरणाच्या दृष्टीने ती वाक्ये बरोबर असतात. व्याकरण चुकले तर माणूस शिकाऊ आहे असे वाटते. व्याकरण बरोबर असूनही बोलणे खटकले, तर माणूसच तसा आहे असे वाटते. मी स्वतः कित्येक महिने या फरकाची किंमत मोजली आहे.

पहिली चूक ‘अनाता’. शब्दकोशात याचा अर्थ ‘तुम्ही’ असा दिलेला असतो आणि तो खोटाही नाही. पण ज्याचे नाव आपल्याला माहीत आहे अशा माणसाला जपानीत सहसा ‘अनाता’ म्हणत नाहीत. त्याचे नावच घेतात, तेही समोरासमोर बोलताना. जाहिरातीत किंवा छापील प्रश्नावलीत, जेथे वाचणारा कोण हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते, तेथे हा शब्द चालतो, आणि बायको नवऱ्याला हाक मारताना वापरते ती गोष्ट वेगळी. तानाका यांना ‘अनाता’ म्हणणे म्हणजे त्यांचे नाव माहीत असूनही ते न घेणे. मराठी माणसाला ही पद्धत खरे तर परकी नाही. आपण काकांसमोर उभे राहून ‘काका येणार का जेवायला?’ असे विचारतो, आणि घरी आलेल्या डॉक्टरांना ‘डॉक्टरांनी चहा घ्यायचा ना?’ असे म्हणतो. तेच वळण जपानीत प्रत्येक ‘तुम्ही’च्या जागी वापरा: तानाका-सान वा. आणि एकाच संदेशात तेही दोन-तीनदाच. बाकीच्या ठिकाणी कर्ता गाळावा.

दुसरी चूक अधिक खोल आहे आणि ती मराठी माणसाकडून अधिक होते, असे मला अनुभवाने वाटते. ‘ओशिएते आगेमास’ या रचनेची फोड केली तर ‘ओशिएते’ म्हणजे ‘शिकवून’ आणि ‘आगेमास’ म्हणजे ‘देते’. मराठीतल्या ‘करून देणे’शी ती इतकी तंतोतंत जुळते की हा धडा मराठी विद्यार्थ्याला सर्वांत सोपा वाटतो. आपल्याकडे ‘थांबा, मी फॉर्म भरून देते’ या बोलण्यात आपुलकी असते. जपानीत मात्र ‘-ते आगेरु’ म्हटले की आपण समोरच्यावर जे उपकार करत आहोत त्यांचा उच्चार होतो. मित्राला किंवा लहान मुलाला ते चालते, आणि तिसऱ्या माणसाविषयी सांगताना चालते. वडीलधाऱ्या किंवा अनोळखी माणसाला उद्देशून म्हटले की ‘बरं, मी तुमच्यावर मेहेरबानी करते’ असा वास त्याला येतो.

माझ्या पहिल्याच संदेशात मी नागोया येथील एका निवृत्त अभियंत्याला ‘मराठी ओ ओशिएते आगेमास’ असे लिहिले होते, आणि वाक्य अचूक जमले म्हणून खूश होते. त्यांनी आभार मानून दोन ओळींचे उत्तर पाठवले. मीच नेटाने लिहीत राहिले म्हणून ओळख टिकली. सात-आठ महिन्यांनी, चांगली मैत्री झाल्यावर, त्यांनी भीत भीत सांगितले की ते वाक्य वाचून त्यांना हसू आले होते, कारण नातवाला कागदाचे विमान करून देताना ते स्वतः असेच म्हणतात. त्यानंतर मी माझे जुने संदेश काढून पाहिले. ज्यांच्याकडून दुसरे उत्तर आलेच नव्हते, अशा सहापैकी चार संदेशांत तेच वाक्य होते. तेच कारण असेल असे मी शपथेवर सांगणार नाही, पण मी ते वाक्य पुन्हा लिहिलेले नाही.

यामागचा संकेत असा: जे घेतले किंवा मागायचे आहे त्याचे उपकार स्पष्ट शब्दांत बोलून दाखवावेत, आणि जे द्यायचे आहे त्याचे बोलू नयेत. म्हणून ‘ओशिएते कुदासाइ’, म्हणजे कृपया शिकवा, ही विनंती अगदी योग्य. द्यायची गोष्ट मात्र उपकाराची क्रिया गाळून, नुसती समोर ठेवावी. एन-५च्या शब्दसंपत्तीत त्यासाठी मला सापडलेले सर्वांत चांगले वाक्य असे आहे: हिन्दी-गो नो शित्सुमोन वा, इत्सुदेमो दोओझो. हिंदीविषयीचे प्रश्न केव्हाही, अवश्य. शिकवणार कोण, शिकणार कोण, याचा उल्लेखही नाही.

याच कुळातली तिसरी चूक ‘बेन्क्योओ शिताइ देस का’. ‘तुम्हाला चहा हवा आहे का?’ असे विचारणे मराठीत अगदी सभ्य आहे, म्हणून आपण बेधडक ‘-ताइ देस का’ लावतो. जपानीत जवळीक नसलेल्या माणसाला त्याची इच्छा अशी थेट विचारणे उद्धटपणाकडे झुकते. त्याऐवजी ‘-मासेन का’ हे नकारार्थी रूप घ्यावे: इश्शो नि बेन्क्योओ शिमासेन का, आपण एकत्र अभ्यास करू या का. याचे शब्दशः मराठी ‘अभ्यास करत नाही का?’ असे होते आणि ते शाळेतल्या बाईंनी दरडावल्यासारखे ऐकू येते, म्हणून विद्यार्थी हे रूप टाळतात. टाळू नका. मराठीचा आधार घेण्याची मर्यादा येथे संपते: वाक्याची हाडे मराठीशी जुळतात, पण मागणे, देणे आणि विचारणे यांची रीत जुळत नाही.

वयाचा प्रश्न काढून टाका. स्वतःचे वय लिहिण्याचीही गरज नाही.

एक प्रश्न, त्यांच्याविषयीचा

‘जपानी संस्कृती मला फार आवडते’ हे वाक्य कोणालाही पाठवता येते, म्हणूनच ते निरुपयोगी आहे. समोरच्याच्या ओळखीतली एक गोष्ट घ्या आणि आपल्याकडची तिच्याशी जुळणारी एक गोष्ट शेजारी ठेवा. मानसीला यासाठी फार शोधावे लागले नाही. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामा येथील कोओराकुएन बागेच्या धर्तीवर केलेले आहे आणि पुणे-ओकायामा मैत्री उद्यान असेही त्याचे नाव आहे. कोओराकुएन ही जपानच्या तीन सर्वांत नावाजलेल्या बागांपैकी एक आहे आणि तिचे काम १७०० साली पूर्ण झाले. ओकायामाच्या माणसाला ती ठाऊक नसणे शक्य नाही. प्रश्न मात्र एकच विचारावा, आणि तो असा असावा की ज्याचे उत्तर तुम्हाला वाचता येईल. ‘तुमचे जपानी इतिहासाविषयी काय मत आहे’ असे विचारले तर उत्तरात काय येईल आणि त्यातले तुम्हाला काय कळेल, याचा आधी विचार करा.

मानसीने शेवटी पाठवलेला संदेश असा होता:

“तानाका-सान, हाजिमेमाश्ते. इन्दो नो मानाशि देस. पुने नि सुन्देइमास. निहोन्गो गा सुकी देस. इमा, एन-५ नो बेन्क्योओ ओ शितेइमास. पुने नि निहोन नो निवा गा आरिमास. ओकायामा नो कोओराकुएन नि नितेइमास. तानाका-सान वा कोओराकुएन नि योकु इकिमास का. हिन्दी-गो तो निहोन्गो ओ, इश्शो नि बेन्क्योओ शिमासेन का. हिन्दी-गो नो शित्सुमोन वा, इत्सुदेमो दोओझो. योरोशिकु ओनेगाइशिमास.”

म्हणजे भारतातली मानसी, पुण्यात राहते, जपानी आवडते, सध्या एन-५चा अभ्यास चालू आहे. पुण्यात एक जपानी बाग आहे, ती कोओराकुएनसारखी दिसते. तानाका-सान तेथे बऱ्याचदा जातात का. एकत्र अभ्यास करू या का. हिंदीचे प्रश्न केव्हाही विचारा. शेवटच्या वाक्याचे मराठी करू नये. ‘लोभ असावा’च्या जवळपास जाणारे ते वाक्य आहे आणि ते गाळले तर संदेश मध्येच तुटल्यासारखा वाटतो. ‘हिन्दी’ जपानी लिपीत लिहिताना शेवटचे अक्षर `dhi` असे टंकावे आणि त्यापुढे जोडरेघेची कळ दाबून स्वर लांबवावा. नुसते `di` टंकले तर भलताच उच्चार उमटतो. ‘मानसी’चे मानाशि झाले, कारण जपानीच्या नेहमीच्या अक्षरमालेत ‘सि’ नाही. आपल्या नावाचे असे काय होते ते आधी ठरवून टाकावे आणि मग दर वेळी तसेच लिहावे.

संदेश पाठवण्यापूर्वी तो एकदा मोठ्याने वाचावा. दुरुस्तीसाठी चार जणांना दाखवू नये. चौघे चार ठिकाणी सफाई करतात आणि शेवटी तो तुमच्या पातळीचा राहत नाही.

उत्तर आल्यावर

उत्तराच्या पहिल्या ओळीत बहुधा ‘निहोन्गो, ज्योओझु देस ने’ असेल, म्हणजे तुमची जपानी छान आहे. त्यावर विश्वास ठेवू नका. दोन वाक्ये लिहिणाऱ्या कोणत्याही परदेशी माणसाला हे ऐकायला मिळते. संदेश लागू पडला की नाही हे पाहायचे असेल, तर त्यांनी तुमच्या प्रश्नाचे उत्तर देऊन उलट काही विचारले आहे का, ते पाहा. उत्तर इंग्रजीत आले असेल, तर बहुधा त्यांना तुमची भाषा समजण्याची खात्री वाटलेली नाही. पुढचा संदेश अधिक छोट्या वाक्यांत आणि तरीही जपानीतच लिहावा. तानाका यांनी मानसीला विचारले की पुण्याच्या बागेत कोइ मासे आहेत का, आणि रविवारी सकाळी मानसी ते पाहायला सिंहगड रस्त्यावर गेली.

स्तुतीला मात्र ‘आरिगातोओ’ म्हणून थांबू नये. ‘इइए, मादा मादा देस’, छे, अजून कुठे, असे लिहावे आणि लगेच त्यांच्या प्रश्नाकडे वळावे.